उधारीवर शेअर: नफा किती, आणि ब्रोकरचा मेसेज कोणत्या भावाला येणार?

ब्रोकरच्या ॲपवर 'एमटीएफ' असं बटण दिसतं. मार्जिन ट्रेडिंग फॅसिलिटी, म्हणजे थोडे पैसे तुमचे आणि बाकीचे ब्रोकरचे. ते दाबण्याआधी दोन आकडे कागदावर मांडून घ्या: खर्च वजा जाता हातात काय उरेल, आणि कोणत्या भावाला ब्रोकर आणखी पैसे मागेल.

सुविधा सुरू करायला वेगळी कागदपत्रं फारशी लागत नाहीत. डीमॅट खातं असेल तर ॲपवर संमती द्यायची, काम झालं. त्या संमतीपत्रात व्याजदर, दंडव्याज आणि शेअर विकण्याचा ब्रोकरचा अधिकार लिहिलेला असतो. तेवढी पानं तरी वाचाच. खरेदीनंतर प्लेजसाठी लिंक येते, ती ओटीपी टाकून मुदतीत मंजूर करा. शेअर तुमच्याच डीमॅटमध्ये राहतात, पण ब्रोकरकडे तारण असतात.

आता हिशेब. समजा, १,००० रुपयांचे १०० शेअर घेतले. तुमचे ४०,००० रुपये, ब्रोकरचे ६०,०००. व्याज वर्षाला १५ टक्के धरू, म्हणजे दिवसाला साधारण २५ रुपये. शनिवार, रविवार आणि सुट्टीचे दिवसही त्यात मोजले जातात. ९० दिवसांचे २,२१९ रुपये झाले. ब्रोकरेज, एसटीटी, स्टॅम्प ड्युटी, प्लेज आणि अनप्लेजचा आकार मिळून ५०० धरा. प्लेजचा आकार दर व्यवहाराला लागतो, त्यामुळे थोडे थोडे शेअर घेत गेलात तर तो वाढत जातो.

भाव १० टक्के चढला, तर १०,००० मधून खर्च जाऊन ७,२८१ उरतात. तुमच्या ४०,००० वर हा १८ टक्के परतावा झाला, तोही कर भरण्याआधीचा. जाहिरातीतल्या हिशेबात २५ टक्के दिसतात, कारण तिथे व्याज आणि इतर खर्च धरलेले नसतात. भाव १० टक्के पडला, तर १२,७१९ रुपये जातात, म्हणजे जवळपास ३२ टक्के. आणि भाव जागेवरच राहिला तरी २,७१९ रुपये गेलेच. व्याज दोन्ही बाजूंना तुमच्याच खिशातून जातं.

दुसरा आकडा मार्जिन कॉलचा. सेबीच्या नियमानुसार ठरलेलं मार्जिन उधारी फिटेपर्यंत कायम राहिलं पाहिजे. किमान किती, ते प्रत्येक शेअरसाठी वेगळं असतं आणि ब्रोकर त्याहून जास्तही मागू शकतो. आपल्या शेअरसाठी ते ३० टक्के आहे असं धरू. मग उधारी शेअरच्या चालू किमतीच्या ७० टक्क्यांपर्यंतच चालेल. ६०,००० ला १०० शेअर आणि ०.७० ने भागा, ८५७ रुपये येतात. भाव त्याखाली गेला की मेसेज आला समजा.

हा आकडा स्थिर नसतो, इथेच बहुतेक जण फसतात. व्याज वेळेवर भरलं नाही आणि ते उधारीत मिळवलं गेलं, तर ९० दिवसांनी उधारी ६२,२१९ होते आणि कॉलचा भाव ८८९ वर जातो. उधारी ६०,००० च राहिली, पण शेअर अस्थिर होऊन मार्जिन ३५ टक्के केलं गेलं, तर तोच भाव थेट ९२३. म्हणजे जेमतेम आठ टक्के घसरण आणि दारात मागणी.

आता भाव ८०० झाला असं समजा. व्याज बाजूला ठेवलं तरी तुमचा हिस्सा २०,००० उरतो, हवा २४,०००. चार हजार भरले की भागलं. नाही भरले, तर शेअर विकून ती तूट भरून काढायला १७ शेअर, म्हणजे १३,६०० रुपयांचा माल विकावा लागतो. कारण विक्रीतून उधारी कमी होते, तशी तारणाची किंमतही घटते. विक्री ब्रोकरने केली, तर किती शेअर आणि कोणत्या वेळी हे तोच ठरवतो. स्क्वेअर ऑफचा आकार वेगळा लावणारे ब्रोकरही आहेत.

पैसे भरायला किती वेळ मिळेल, हे ब्रोकरला आधीच लेखी विचारा. मागणी एसएमएस किंवा ईमेलवर येते, फोन येईलच असं नाही. म्हणून नोंदवलेला नंबर चालू ठेवा आणि कॉलच्या भावाच्या बऱ्याच वर, या उदाहरणात ९२५ ला, ॲपमध्ये अलर्ट लावा. ब्रोकरच्या यादीत आपल्या शेअरचं मार्जिन बदललंय का, तेही अधूनमधून पाहत जा.

आमचं मत सांगायचं तर ९० दिवस उधारी ठेवणं बहुतेकांना परवडत नाही. तरीही घ्यायचीच असेल, तर मार्जिन कॉलसाठी किमान १०,००० रुपये बँकेत वेगळे ठेवा. तेवढे नसतील, तर १०० ऐवजी ४० शेअर घ्या, स्वतःच्या पैशाने.