आबांची माती : लग्नाचे चारशे पेले आणि एक अवघड निवड



सातवी-आठवीच्या मुलांना ‘पदार्थांचे गुणधर्म’ शिकवताना आपण बहुतेक वेळा व्याख्या आधी सांगतो आणि उदाहरण नंतर देतो. या वेळी मी उलटं करून पाहिलं. आधी गोष्ट सांगितली, मग वजनकाटा काढला. गोष्ट मी वर्गासाठी रचलेली आहे, पण तिच्यातलं मातीचं आणि भट्टीचं काम खरं आहे. ती इथे देतोय. शेवटी प्रश्न आणि घरी करता येईल असा एक प्रयोगही आहे.

गोष्ट

फलटणच्या बाजूच्या एका गावात एक म्हातारे कुंभार राहतात. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं. एका सकाळी शहरातून एक गृहस्थ गाडी घेऊन आले. त्यांच्या मुलीचं लग्न महिन्यावर आलं होतं. पंगतीत मठ्ठ्यासाठी त्यांना मातीचे चारशे पेले हवे होते.

“आबा, पण ही लाल माती नको हं,” ते म्हणाले. “हॉटेलात असतात ना, जड, गुळगुळीत, चकचकीत? त्याला स्टोनवेअर म्हणतात. त्याची तयार माती पिशवीत मिळते. मातीचे पैसे मी देतो, तुम्ही फक्त घडवून द्या.”

एरवी आबांनी हसून सोडून दिलं असतं. पण या वेळी ते गप्प बसले, आणि त्याला कारण होतं. मागच्या वर्षी त्यांनी एका घरी दोनशे पेले दिले होते. देताना सगळे चांगले होते. आठ दिवसांनी निरोप आला, की पेल्यांच्या काठाच्या चकत्या आपोआप उडतायत. प्रत्येक खड्ड्यात मधोमध पांढरा ठिपका. आबांनी निम्मे पैसे परत केले. तेव्हापासून तळ्याकाठच्या आपल्याच मातीवरचा त्यांचा विश्वास डळमळला होता.

“चार दिसांनी सांगतो म्हणालो असतो,” आबा म्हणाले, “पर माती काय हाय ते भाजल्याबिगर कळत न्हाई. धा दिस द्या. आन् त्या तयार मातीची एक पिशवी धाडून द्या.”

पिशवी आली. माती करड्या रंगाची, लोण्यासारखी मऊ, एकही खडा नाही. आबांनी चाकावर एक पेला काढून पाहिला. हात फिरवताच माती उभी राहिली. “लई गुणाची हाय,” ते नातीला म्हणाले. नात आठवीत शिकते. तिने पिशवीवरचा मजकूर वाचला आणि म्हणाली, “आबा, ह्यावर भाजायचं तापमान 1240 अंश लिहिलंय. आपली भट्टी किती तापते?”

आबांनी आयुष्यात कधी भट्टीचं तापमान मोजलं नव्हतं. ते रंगावरून ओळखत. गोवऱ्या आणि लाकडांच्या अशा भट्टीत साधारण 700 ते 900 अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता जाते. म्हणजे पिशवीवरच्या आकड्यापेक्षा निदान तीनशे अंश कमी.

“मग करूनच बघू,” आबा म्हणाले.

दोघांनी तीन प्रकारच्या पट्ट्या केल्या. पहिली तळ्याच्या मातीची, नेहमीसारखी चाळलेली. दुसरी त्याच मातीची, पण पाण्यात कालवून पातळ केलेली आणि दुहेरी फडक्यातून गाळलेली. तिसरी पिशवीतल्या मातीची. पट्ट्या सावलीत वाळवल्या. कुंड्यांची छोटी भट्टी लावायचीच होती, तिच्यात त्या ठेवल्या.

भट्टी निवल्यावर नातीने पट्ट्या किराणा दुकानातल्या काट्यावर तोलल्या, एक दिवस पाण्यात बुडवून ठेवल्या, बाहेर काढून वरवर पुसल्या आणि पुन्हा तोलल्या. गाळलेल्या लाल मातीची पट्टी कोरडी असताना 100 ग्रॅम होती, भिजल्यावर 114 ग्रॅम झाली. पिशवीतल्या मातीची 100 ग्रॅमची पट्टी 118 ग्रॅम झाली.

नातीला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. तिने पुन्हा तोललं, पण तेवढंच आलं. महागाची माती जास्त पाणी पीत होती! आबांनी दोन्ही पट्ट्यांवर नखाने टिचकी मारली. लाल पट्टी ‘खण्ण’ वाजली. करड्या मातीची आता फिकट गुलाबी झालेली पट्टी ‘थप्प’ वाजली, आणि सुरीने खरवडल्यावर तिची खडूसारखी भुकटी निघाली.

“कच्ची ऱ्हायली,” आबा म्हणाले. “माती वाईट न्हाई. तिला लागती ती आग माझ्याकडं न्हाई.”

आता राहिली चकत्यांची अडचण. पहिल्या दोन पट्ट्या त्यांनी ओल्या गोणपाटावर ठेवून दिल्या. चौथ्या दिवशी नुसत्या चाळलेल्या मातीच्या पट्टीवरून दोन ठिकाणी चकत्या उडाल्या, आत पांढरे ठिपके. गाळलेल्या मातीची पट्टी जशीच्या तशी होती.

गृहस्थ परत आले तेव्हा आबांनी तिन्ही पट्ट्या त्यांच्यापुढे ठेवल्या. “पाव्हणं, तुमच्या मातीचे पेले मी घडवीन, पर माझ्या भट्टीत ते पक्कं व्हायचं न्हाईत. शहरातल्या गॅसच्या भट्टीत भाजून आणायचे तर कच्चं पेलं गाडीतनं न्यावं लागतील, त्यात किती फुटतील देव जाणे. लाल मातीचं पेलं मी जबाबदारीनं देतो. मठ्ठ्यापुरतं वापरा. धुऊन रोज वापरायचं म्हनाल तर त्ये न्हाईत.”

“निदान वरून चकाकी तरी द्या,” गृहस्थ म्हणाले. “बाजारात कमी आचेवर वितळणारी पावडर मिळते म्हणे.”

आबांनी मान हलवली. “त्यात काय असतंय मला ठावं न्हाई. आंबट मठ्ठा हाय. लोकांच्या पोटात जायचा.”

गृहस्थ थोडा वेळ पट्ट्या हातात घेऊन बसले. मग म्हणाले, “ठीक आहे आबा. लालच करा. पाहुण्यांना घरी न्यायला द्यायचे कप मी तयारच विकत घेतो.”

वीस दिवस उरले होते. आबांनी 460 पेले चाकावर काढले. वाळताना 11 तडकले, भट्टीत 18 गेले. उरलेले पेले कोमट असतानाच भरपूर पाण्यात बुडवून काढले आणि तीन दिवस ठेवले. त्यात 12 पेल्यांच्या चकत्या उडाल्या, ते बाजूला काढले. राहिले 419. चारशे मोजून दिले आणि सोबत नातीच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी : ‘वाढण्याआधी तासभर पाण्यात भिजवा.’

गोष्टीमागचं विज्ञान

मुलांचा पहिला प्रश्न हाच येतो : महागाची, स्वच्छ माती जास्त पाणी का प्यायली? स्टोनवेअरच्या मातीत असे खनिज घटक असतात, जे 1200 अंशांच्या पुढे अंशतः वितळून काचेसारखे होतात आणि मातीतली छिद्रं बुजवतात. म्हणून नीट भाजलेलं स्टोनवेअर जवळजवळ पाणी शोषत नाही. तेवढी उष्णता मिळाली नाही तर छिद्रं तशीच राहतात आणि भांडं ठिसूळ होतं. लाल मातीत लोहाचं प्रमाण जास्त असतं. लोह आणि तिच्यातले इतर काही घटक तिचे कण कमी उष्णतेतच एकमेकांना धरू लागतात. म्हणून ती आबांच्या भट्टीत मजबूत होते, पण सच्छिद्र राहते. हीच लाल माती 1240 अंशांच्या भट्टीत ठेवली तर ती फुगेल, वाकेल किंवा वितळून बसेल. म्हणजे ‘चांगली माती कोणती?’ हा प्रश्नच अर्धवट आहे. ‘कोणत्या आचेवर?’ हे सोबत विचारावं लागतं.

चकत्यांचं कारण चुनखडी. मातीतला चुनखडीचा छोटा खडा भट्टीत भाजला की त्याचा कळीचा चुना होतो. भांडं बाहेर आल्यावर तो हवेतला ओलावा हळूहळू घेतो, फुगतो आणि वरचा थर उडवतो. म्हणून दोष भट्टीत दिसत नाही, काही दिवसांनी दिसतो. माती गाळल्याने खडे निघून जातात. अगदी बारीक कण राहिले तरी त्यांचा जोर कमी पडतो. भाजलेली भांडी एकदम भरपूर पाण्यात बुडवली की बराचसा चुना तिथेच विरून मऊ पडतो. मातीत चुनखडी आहे का हे आधी पाहायचं असेल तर वाळलेल्या ढेकळावर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसलं तर चुनखडी आहे.

चकाकीच्या बाबतीत आबांची शंका रास्त होती. कमी आचेवर वितळणाऱ्या काही झिलईंमध्ये शिसं असतं. ताक, लिंबू, चिंच यांसारख्या आंबट पदार्थांत ते उतरू शकतं, आणि शिसं मुलांसाठी विशेष घातक आहे.

घरी करून पाहा

संक्रांतीचं एखादं सुगड किंवा न रंगवलेली पणती घ्या. दिवसभर उन्हात वाळवून तोला. 24 तास पाण्यात बुडवा, पुसा, पुन्हा तोला. मग हे गणित करा :

पाणी शोषण्याचं प्रमाण (टक्के) = (ओलं वजन − कोरडं वजन) ÷ कोरडं वजन × 100

घरात चिनी मातीचा कप असेल तर त्याचंही करा. दोन उत्तरांतला फरक मुलं स्वतःच बोलून दाखवतात. घरचा काटा 1 ग्रॅमपर्यंत मोजणारा असावा. पणती फार लहान असेल तर तीन-चार एकत्र तोला.

वर्गात विचारण्यासाठी

1. आबांचा एक पेला 180 ग्रॅमचा आहे. तो 14 टक्के पाणी शोषतो. पूर्ण भिजल्यावर त्यात किती ग्रॅम पाणी मुरेल? मग चिठ्ठीत ‘आधी भिजवा’ असं का लिहिलं असेल?
2. चारशेच्या मागणीसाठी आबांनी 460 पेले का काढले? शेकडा किती वाया गेले?
3. गृहस्थांनी सुरुवातीला मागितलं तेच आबांनी मुकाट करून दिलं असतं, तर लग्नाच्या दिवशी काय झालं असतं?
4. आबांनी ‘रोज वापरायचे नाहीत’ हे आधीच का सांगितलं?

तिसऱ्या प्रश्नावर माझ्या वर्गात बराच वाद झाला. एक मुलगी म्हणाली, “सर, पेले दिसायला छानच असते, कुणाला कळलंच नसतं.” त्यावर मागच्या बाकावरून उत्तर आलं, “मठ्ठा ओतल्यावर कळलं असतं!” तुमच्या वर्गात किंवा घरी काय उत्तरं येतात, ती जरूर लिहून ठेवा.