संगणकाचा पडदा कोठे ठेवावा?

कचेरीत दिवसाचे सात-आठ तास संगणकासमोर बसणाऱ्या माणसाची मान आखडते, डोळे चुरचुरतात. याचे कारण पुष्कळदा कामात नसून पडद्याच्या जागेत असते. ही जागा ठरवण्यास मोजपट्टी, थोडी त्रिकोणमिती आणि प्रकाशाच्या परावर्तनाचा नियम एवढे पुरते.

प्रथम उंची पाहू. सरळ समोर पाहताना डोळ्यांतून जाणारी आडवी रेषा कल्पावी. पडद्याची वरची कड या रेषेवर किंवा तिच्या किंचित खाली असावी आणि पडद्याचा मध्य रेषेच्या सुमारे १५ ते २० अंश खाली यावा. नजर किंचित खाली असली की पापण्या थोड्या मिटलेल्या राहतात आणि बुबुळावरील अश्रूंचा थर लवकर सुकत नाही. पडदा फार उंच असेल, तर डोळे विस्फारावे लागतात आणि मान मागे कलते. फार खाली असेल, तर मान पुढे झुकते व डोक्याचा भार मानेच्या मागच्या स्नायूंना सतत पेलावा लागतो.

आता अंतर. जवळची वस्तू स्पष्ट दिसावी म्हणून डोळ्यांतील स्नायू आकुंचन पावून नेत्रभिंग अधिक फुगीर करतात. वस्तू जितकी जवळ, तितके हे श्रम जास्त. म्हणून पडदा डोळ्यांपासून निदान ५० सेंटिमीटर दूर हवा. मध्यम आकाराच्या पडद्यास ६० ते ७० सेंटिमीटर बरे. एवढ्या अंतरावरून अक्षरे लागत नसतील, तर नकळत डोके पुढे सरकते. अशा वेळी पडदा जवळ ओढू नये, अक्षरे मोठी करावी.

एक उदाहरण सोडवून पाहू. समजा, टेबलाच्या पृष्ठभागापासून डोळ्यांची उंची ४४ सेंटिमीटर आहे. पडदा ३० सेंटिमीटर उंच असून त्याची खालची कड टेबलापासून १० सेंटिमीटरवर आहे. म्हणजे वरची कड ४० सेंटिमीटरवर, डोळ्यांच्या ४ सेंटिमीटर खाली आली. मध्य २५ सेंटिमीटरवर, म्हणजे डोळ्यांच्या १९ सेंटिमीटर खाली. अंतर ६५ सेंटिमीटर धरल्यास नजरेच्या उताराचा टॅन १९ ÷ ६५, म्हणजे ०.२९, कोन सुमारे १६ अंश. मांडणी योग्य ठरली. हाच पडदा १५ सेंटिमीटर उंच खोक्यावर ठेवला, तर वरची कड डोळ्यांच्या ११ सेंटिमीटर वर जाईल आणि मान मागे न्यावी लागेल.

राहिला प्रश्न चकाकीचा. खिडकी पाठीमागे असेल, तर तिचे प्रतिबिंब पडद्यावर पडून अक्षरे फिकी दिसतात. ती पडद्याच्या मागे असेल, तर बाहेरच्या प्रखर उजेडाशी डोळे जुळवून घेतात आणि पडदा अंधुक वाटतो. म्हणून खिडकी बाजूला यावी, अशा रीतीने पडदा खिडकीशी काटकोनात ठेवतात.

छतावरील दिव्यांचे काय? येथे आरशाचा नियम उपयोगी पडतो: आरसा जितका फिरवावा, त्याच्या दुप्पट कोनातून परावर्तित किरण फिरतो. आपल्या उदाहरणात नजर १६ अंश खाली जाते. पडदा अगदी उभा असेल, तर परावर्तित रेषाही १६ अंश खालीच येते. त्यात आपला सदरा दिसेल, दिवा नव्हे. पडदा १० अंश मागे कलवला, तर ही रेषा २० अंश वर फिरते, म्हणजे आडव्या रेषेच्या ४ अंश वर. आताही दिवा दिसणार नाही. कल २० अंश केला, तर रेषा २४ अंश वर जाते आणि छतावरची ट्यूबलाइट पडद्यात अवतरू शकते. म्हणजे पडदा केवळ १० अंश अधिक कलवल्याने सारा फरक पडला! हा हिशोब पडद्याच्या मध्याचा आहे. वरच्या कडेकडे नजर कमी उताराने जाते, म्हणून दिवा तेथे आधी दिसू लागतो.

या नियमांना एक अपवाद लक्षात ठेवावा. दुहेरी भिंगाचा चष्मा वापरणारा माणूस जवळचे भिंगाच्या खालच्या भागातून पाहतो. नेहमीच्या उंचीवरचा पडदा वाचायला त्याला हनुवटी वर करावी लागते. त्याच्यासाठी पडदा आणखी खाली आणावा किंवा पडद्याच्या अंतरासाठी वेगळा चष्मा घ्यावा.

करून पाहा: शाळेच्या संगणक-कक्षात पडदा बंद करा व नेहमीच्या जागी बसून त्या काळ्या काचेत पाहा. त्यात दिवा वा खिडकी दिसली, तर चकाकी तेथूनच येते. पडद्याच्या बरोबर मध्यात स्वतःचे डोळे दिसले, तर तुमची नजर तेथे पडद्याला लंब आहे. मग पडदा हळूहळू कलवून पहिला दिवा कोणत्या कोनाला दिसतो, ते कोनमापकाने मोजा आणि वरील हिशोबाशी ताडून पाहा.