नावापुढे बाप लागला, वारसा लागला नाही

माझं हे दुसरं लग्न. पहिले यजमान अपघातात गेले तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. पुढे ह्यांच्याशी लग्न झालं. ह्यांची पहिली बायको आजारपणात वारलेली, पदरात दोन मुलगे. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची. ह्यांनी तिला शाळेत घातलं ते स्वतःचं नाव लावूनच. रेशनकार्डावर, आधारवर तेच नाव. तिचं कन्यादानही ह्यांनीच केलं. मृत्युपत्र मात्र केलं नाही आणि हृदयविकाराच्या झटक्याने हे गेले.

मागे राहिली ह्यांनी नोकरीच्या पैशातून घेतलेली सहा एकर जमीन आणि बँकेतली नऊ लाखांची ठेव. वारस नोंदीच्या अर्जात मी चौघांची नावं लिहिली: मी, दोन मुलगे, मुलगी. तलाठ्याने नोंद धरली आणि नोटिसा निघाल्या. मुदतीत मुलांनी हरकत घेतली. थोरला मला म्हणाला, "आई, तुझ्या वाट्याला कुणी हात लावत नाही. पण तिचं नाव कसं लागेल?" मला ते फार लागलं. पण मंडळ अधिकाऱ्यांसमोर सुनावणी झाली तेव्हा कळलं की कायद्याने मुलांचंच बरोबर होतं.

हिंदू वारसा कायदा, 1956 प्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर त्याची विधवा, मुलगे, मुली आणि आई यांना प्रत्येकी एक सारखा वाटा मिळतो. पहिली बायको वारल्यावर किंवा रीतसर घटस्फोट झाल्यावर केलेली दुसरी बायको ही पूर्ण हक्काची विधवा असते. पहिलीची मुलं ही त्या माणसाचीच मुलं, म्हणून तीही पूर्ण हक्काची. सासूबाई हयात नव्हत्या. म्हणून आमच्यात तीन वाटे झाले, प्रत्येकी दोन एकर आणि तीन लाख. ठेवीवर नॉमिनी मी होते, पण नॉमिनीने पैसे उचलायचे ते वारसांसाठी. ते एकट्या नॉमिनीचे होत नाहीत.

माझी मुलगी मात्र ह्यांच्या रक्ताची नाही आणि दत्तकही नाही, म्हणून वारसांच्या यादीत ती बसतच नाही. शाळेच्या दाखल्यावर नाव लावलं म्हणजे दत्तक होत नाही. ती पंधरा वर्षांची होईपर्यंत ह्यांना तिला दत्तक घेता आलं असतं. ह्यांना स्वतःची मुलगी नव्हती, त्यामुळे अडचण नव्हती. माझ्याबरोबर मुलगा आला असता, तर ह्यांचे मुलगे असताना तो दत्तक घेता आला नसता, कारण दत्तक कायद्यात तशी अट आहे.

आता यापुढचं वकीलबाईंनी समजावलं, ते बहुतेकांना ठाऊक नसतं. माझे दोन एकर आता पूर्णपणे माझे. मी मृत्युपत्र न करता गेले, तर ते सगळे माझ्या पोटच्या मुलीला जातील. सावत्र मुलगे माझ्या 'मुलगे' या वर्गात धरले जात नाहीत. मला मूलच नसतं, तर मात्र तीच जमीन नवऱ्याचे वारस म्हणून त्यांच्याकडे परत गेली असती. म्हणजे सगळं कोण आधी जातं त्यावर! मी ह्यांच्या आधी गेले असते, तर ह्यांच्या मालमत्तेतला एक गुंठाही माझ्या मुलीला मिळाला नसता. वीस वर्षं 'बाबा' म्हणणाऱ्या पोरीचा हक्क असा मरणाच्या क्रमावर लोंबकळत राहावा, हे मला आजही पटत नाही. पण कायदा असा आहे.

माझ्यासारखीने लग्नाचा दाखला आणि पहिलीच्या मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा हुकूमनामा जपून ठेवावा. पहिली बायको हयात आणि घटस्फोट नाही, अशा वेळी झालेलं दुसरं लग्न बेकायदा ठरतं आणि त्या बाईला विधवा म्हणून वाटा मिळत नाही. त्याच्यापासून तिला झालेल्या मुलांना मात्र बापाच्या मालमत्तेत हिस्सा मिळतो.

मी माझं मृत्युपत्र केलं. जमीन मुलीला दिली आणि ठेवीतला माझा वाटा दोघा मुलांना, कारण त्यांनाही मीच वाढवलं.

ज्यांच्या घरात दोन घरची मुलं एकत्र वाढताहेत, त्या बाबांनो, मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. दोन साक्षीदारांसमोर सही करा आणि त्यांच्या सह्या घ्या. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. आणि ज्या मुलीला तुमचं नाव लावलंत, तिचं नाव त्यात लिहायला विसरू नका.