पाकीट ‘चिकटवलेलं’ का दिसतं? जोडफोटोचा रंग जुळवायची पद्धत



मागच्या बॅचमधल्या एका ताईंचा गोडा मसाल्याचा व्यवसाय आहे. दिवाळीच्या जाहिरातीसाठी त्यांनी पाकिटाचा फोटो घरी, पांढऱ्या कागदावर, ट्यूबलाइटखाली काढला. मग तो कापून एका सुंदर फोटोवर ठेवला: संध्याकाळचं ऊन, लाकडी टेबल, पितळी खलबत्ता, बाजूला पांढरा सुती पंचा. कापणी अगदी स्वच्छ होती. तरी फोटो बघणारा प्रत्येक जण म्हणायचा, “पाकीट वरून चिकटवलंय ना?”

ताईंनी मग सगळ्या फोटोवर एक सोनेरी फिल्टर टाकला. फरक पडला नाही. एक फिल्टर टाकला तर चौथा टाकूनही पडणार नव्हता.

कारण साधं आहे. फिल्टर पाकीट आणि मागचा फोटो, दोघांनाही एकाच बाजूला ढकलतो. त्यामुळे दोघांमधलं अंतर तसंच राहतं. आधी पाकीट मागच्या फोटोशी जुळवायचं आणि मगच सगळ्यावर मिळून एक रंग चढवायचा. आजचा धडा एवढाच आहे. मी ब्राउझरमध्ये फुकट चालणाऱ्या Photopea मध्ये दाखवतो. फोटोशॉप वापरत असाल तर तिथेही हीच नावं सापडतील.

पायरी १ : मागचा फोटो मोजा

डोळ्यावर विसंबू नका. डोळा पटकन सवय करून घेतो आणि पिवळसर पंचासुद्धा त्याला पांढराच वाटतो. म्हणून Window मधून Info उघडा आणि मागच्या फोटोत दोन जागांवर माऊस न्या. एक जागा पांढऱ्या वस्तूची आणि दुसरी सगळ्यात गडद. दोन्ही जागा पाकीट जिथे उभं करणार त्याच्या जवळच्याच घ्या, खोलीच्या लांबच्या कोपऱ्यातल्या नकोत.

ताईंच्या फोटोत आकडे असे आले:

- पंचा : लाल 232, हिरवा 216, निळा 190
- खलबत्त्याखालची सावली : लाल 34, हिरवा 30, निळा 36

आता पाकीट बघा. त्यावरचा पांढरा लोगो तिन्ही रंगांत 250 च्या आसपास होता आणि काळी अक्षरं 6 च्या आसपास. दुखणं इथेच आहे. मागच्या फोटोतला पांढरा उबदार आणि थोडा मंद आहे, तर पाकिटाचा पांढरा थंड आणि भगभगीत. मागचा काळा धुरकट आहे आणि पाकिटाचा काळा कोळशासारखा. संध्याकाळच्या त्या खोलीत इतका काळा रंग कुठेच नाही, म्हणून डोळ्याला ते पाकीट परकं वाटतं.

पायरी २ : पाकिटाचा काळा-पांढरा बांधा

पाकिटाच्या लेअरवर Layer > New Adjustment Layer > Levels घ्या. मग Layer > Clipping Mask करा, म्हणजे बदल फक्त पाकिटावर होईल. हे विसरलात तर मागचा फोटोही बदलेल आणि सगळं मोजमाप वाया जाईल.

Levels मध्ये खालची पट्टी Output ची असते. वरच्या यादीतून एकेक रंग निवडा आणि मोजलेले आकडे तिथे भरा. Red मध्ये 34 आणि 232, Green मध्ये 30 आणि 216, Blue मध्ये 36 आणि 190. पाकिटाचा सगळ्यात गडद आणि सगळ्यात उजळ भाग आता त्या खोलीच्या मर्यादेत आला. कॉन्ट्रास्ट आणि रंगाची झाक, दोन्ही कामं एकाच ठिकाणी झाली.

एक सावधगिरी. तुमच्या वस्तूवर खरा पांढरा किंवा काळा भागच नसेल, उदाहरणार्थ नुसती मातीची पणती असेल, तर हे आकडे जसेच्या तसे चालणार नाहीत. म्हणून फोटो काढतानाच शेजारी पांढरा आणि काळा कागद ठेवा आणि मोजून झाल्यावर ते कापून टाका.

पायरी ३ : मधला उजेड तपासा

दोन टोकं जुळली तरी मधला भाग चुकू शकतो. सगळ्यात वर एक Black & White adjustment layer तात्पुरता टाका. रंग गेला की फक्त उजेड दिसतो. पाकीट टेबलापेक्षा उगाच उजळ वाटतंय? मग Levels मध्ये RGB निवडून वरच्या पट्टीतला मधला बाण उजवीकडे थोडा सरकवा. जुळलं की तपासणीचा लेअर बंद करा.

ताईंच्या पाकिटाचा तपकिरी कागद या सगळ्यानंतर नारिंगी दिसायला लागला. थंड रंगाची वस्तू उबदार केली की असं होतं. Hue/Saturation घेऊन, तोही पाकिटालाच क्लिप करून, Saturation −12 केल्यावर कागद पुन्हा कागदासारखा दिसला.

पायरी ४ : लेन्स जुळवा

रंग बसला तरी ताईंच्या पाकिटावरची अक्षरं कातरीने कापल्यासारखी धारदार होती. मोठा फोटो लहान करून ठेवला की तो जास्त तीक्ष्ण होतो आणि त्यातला बारीक दाणाही निघून जातो. मागच्या फोटोत मात्र मोबाइलचा दाणा होता.

100% झूम करा आणि पाकिटाइतक्याच अंतरावरच्या वस्तूची, म्हणजे इथे खलबत्त्याची, कड बघा. तेवढी मऊ होईपर्यंत पाकिटाला Filter > Blur > Gaussian Blur द्या. आम्हाला 0.6 px पुरला. त्यानंतर Filter > Noise > Add Noise, साधारण 2%, Monochromatic चालू ठेवून. क्रम उलटा करू नका, नाहीतर ब्लर दाणाच पुसून टाकेल.

पाकिटाखालची सावलीही काळ्या रंगाने रंगवू नका. पायरी १ मध्ये मोजलेला सावलीचाच रंग घ्या आणि लेअर Multiply वर ठेवा.

पायरी ५ : आता सगळ्यावर एकच रंग

आता सोनेरी फिल्टर, कडांचा हलका अंधार, जे हवं ते सगळ्यात वरच्या लेअरवर टाका, क्लिप न करता. वस्तू आधीच जुळलेल्या असल्यामुळे तो रंग दोघांवर सारखाच चढतो. Opacity 30–40% वरून सुरुवात करा.

शेवटी फोटो मोबाइलवर, अंगठ्याच्या नखाएवढा करून बघा. नजर पाकिटावर जाऊन अडखळली, तर पायरी १ चे आकडे पुन्हा मोजा.

हे कशाने सुधारत नाही?

उजेडाची दिशा. मागच्या फोटोत ऊन डावीकडून येतंय आणि पाकिटाची उजळ बाजू उजवीकडे आहे, तर रंग कितीही जुळवा, फोटो खोटाच दिसेल. तेव्हा पाकीट पुन्हा शूट करा, खिडकीशी, डाव्या बाजूच्या उजेडात. दहा मिनिटांचं काम आहे.

आणि एक धंद्याची गोष्ट. साडी, दागिने, रंगीत कापड विकत असाल तर असा जोडफोटो जाहिरातीपुरताच ठेवा. या पद्धतीत मालाचा रंग मुद्दाम बदलतो. संध्याकाळच्या उन्हातली राणी कलरची साडी बघून कुणी ऑर्डर दिली आणि घरी वेगळाच गुलाबी निघाला, तर माल परत येतो आणि कुरियरचे पैसेही तुमच्याच अंगावर पडतात. खरेदीच्या पानावर पहिला फोटो साध्या पांढऱ्या उजेडातला, खऱ्या रंगाचाच हवा.

या आठवड्यात तुमचा एक जुना जोडफोटो उघडा आणि फक्त पायरी १ करा. दोन्हीकडचे पांढरे आणि काळे वहीत शेजारी शेजारी लिहा. काय बिघडलंय ते त्या आकड्यांतच दिसेल.