चार आणि सहा मिळून पाच?

रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने कलपावर लेख लिहावा याचे काहींना हसू येईल. पण हे गणित माझ्या आत्याच्या डोक्यावर चुकले आणि मगच मला समजले, म्हणून लिहितो.

आत्याने काळा कलप लावणे दोन वर्षांपूर्वी सोडले होते. पुढचे केस पांढरेशुभ्र झाले होते, मानेजवळचे अजून काळे होते, आणि टोकांना जुना कलप शिल्लक होता. नातीच्या साखरपुड्यासाठी तिला रंग हवा होता, पण काळाकुट्ट नको होता. केसांच्या रंगाच्या डब्यांवर जो आकडा असतो त्यात टिंबाच्या आधीचा अंक गडदपणाची पायरी सांगतो. १ म्हणजे काळा, ५ म्हणजे फिका तपकिरी, ८ म्हणजे फिका सोनेरी. टिंबानंतरचा अंक छटेचा असतो आणि ० म्हणजे नैसर्गिक छटा. आत्याला ५.० हवा होता. दुकानात त्या मालिकेतले ४.० आणि ६.० एवढेच उरले होते. मी म्हटले, समसमान घेऊ, सरासरी पाच!

मालिका एकच घेतली हे बरोबर होते. एका मालिकेत अमोनियाचे प्रमाण आणि डेव्हलपर मिसळण्याचे प्रमाण बहुधा जुळते ठेवलेले असते. दोन कंपन्यांच्या क्रीमबद्दल ती खात्री देता येत नाही.

३० ग्रॅम ४.०, ३० ग्रॅम ६.० आणि डब्यावर लिहिल्याप्रमाणे तेवढाच, म्हणजे ६० ग्रॅम, ६ टक्क्यांचा (२० व्हॉल्यूम) डेव्हलपर. केस वाळल्यावर आत्या आरशासमोर उभी राहिली. "अरे, मी तपकिरी म्हटलं होतं. हा तर काळ्याकडेच गेला!" साखरपुडा तसाच पार पडला.

चूक सरासरीत होती. पायऱ्या समान अंतरावर दिसतात, पण प्रत्येक पायरीला डब्यातले रंगद्रव्य समान फरकाने बदलत नाही. गडद होत जाताना ते पटीने वाढते. नेमकी पट कंपनी सांगत नाही. हिशेबापुरती आपण दुप्पट धरू. मग ६.० मध्ये रंगद्रव्य १ भाग, ५.० मध्ये २ आणि ४.० मध्ये ४. समसमान मिश्रणात (४ + १) ÷ २ = २.५ भाग, म्हणजे पाचाहून जास्त, सुमारे ४.७ ची पायरी. मला २ भाग हवे होते. त्यासाठी ४.० एक भाग आणि ६.० दोन भाग घ्यायला हवे: (४ + १ + १) ÷ ३ = २. दोन रंगांतली दरी रुंदावली की फसगतही वाढते. याच हिशेबाने ४.० आणि ८.० समसमान घेतले तर सरासरी सहा दिसते, पण केसांवर जवळजवळ पाच येतो. म्हणून दोनपेक्षा जास्त पायऱ्यांचे अंतर असलेले रंग मी आता मिसळत नाही.

मिश्रणाची पायरी काढली तरी डोक्यावरची पायरी निघत नाही. हे मला त्याच दिवशी मानेजवळच्या केसांनी शिकवले. पांढऱ्या केसावर मिश्रणाचा रंग जवळपास तसाच उमटतो. मानेजवळचे नैसर्गिक केस दोनच्या पायरीचे होते. ६ टक्क्यांचा डेव्हलपर त्यांना एखाद-दुसरी पायरीच उजळवतो, म्हणून तिथे तीन ते चारच मिळणार. आणि टोकांवरचा जुना कलप तर हललाच नाही, कारण रंगाने रंग उतरत नाही, फक्त वर चढतो. एका वाटीतून तीन रंग निघाले.

सहा आठवड्यांनी पांढरी मुळे पुन्हा दिसू लागली. लग्न जवळ आले होते. या वेळी २० ग्रॅम ४.० आणि ४० ग्रॅम ६.० घेण्याचे ठरवले, पण आधी चाचणी घेतली. डब्यावर सांगितल्याप्रमाणे ४८ तास आधी हातावर थोडा रंग लावून खाज किंवा पुरळ येते का ते पाहिले. अशा रंगांची अॅलर्जी गंभीर होऊ शकते, आणि पूर्वी कधी झाली नाही म्हणून पुढे होणार नाही असे नसते. नंतर कानामागची पांढरी बट कापून, त्याच प्रमाणात कालवलेल्या चिमूटभर रंगात डब्यावरचा पूर्ण वेळ ठेवली. वाटीतले क्रीम हवेने काळपट होते, त्यावरून काही ठरवू नये. बट धुऊन, पूर्ण वाळवून, खिडकीच्या उजेडात पाहिली, कारण ओला केस नेहमीच जास्त गडद दिसतो.

बट फिकी तपकिरी निघाली. मग रंग फक्त मुळांना लावला, टोकांकडे ओढला नाही. आत्याने काळी टोके अंबाड्यात लपवली. मानेजवळचे केस गडदच राहिले, पण ते तिला चालले. "खालचे केस माझे स्वतःचेच आहेत रे," ती म्हणाली.