झोपताना दूध-भाकरी घ्यायची का गं?

काल फोनवर विचारलंस ना, "ताई, रोज रात्री झोपताना काही खाल्लंच पाहिजे का?" तर ऐक. खायचं की नाही, हे तू कोणतं इन्सुलिन घेतेस आणि झोपताना यंत्रावर आकडा किती आहे, त्यावर ठरतं. आपल्या मोठ्या जाऊबाई नुसत्या मेटफॉर्मिनवर आहेत, त्यांना रात्री साखर उतरायची भीती फारशी नाही. तुझं वेगळं आहे.

तू जेवणाआधी घेतेस ते ३०-७० चं मिश्रण. त्यातला ३० टक्के भाग जेवणाची साखर आवरतो. उरलेला ७० टक्के भाग सावकाश चढतो आणि त्याचा जोर साधारण मध्यरात्रीनंतर असतो. तेव्हा पोटात काही नसतं. म्हणून झोपताना तुझा आकडा १०० ते १८० च्या मध्ये असलेला बरा.

परवाचंच घे. दिवसभर कापूस वेचलास, आठला जेवलीस, दहाला आकडा ९२. एरवी हा आकडा छान वाटला असता. पण राबलेलं अंग रात्रभर रक्तातली साखर ओढत राहतं, म्हणून अशा दिवशी अर्धी ज्वारीची भाकरी आणि पेलाभर दूध घ्यायचंच. आणि तीनचा गजर लावून पुन्हा तपासायचं. घरीच बसलेल्या दिवशी आकडा १५० असेल तर मात्र काही खाऊ नकोस, नाहीतर सकाळची साखर उगाच चढेल.

आकडा ७० च्या खाली आला तर दुधाची वाट बघायची नाही. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पी, पंधरा मिनिटांनी परत बघ. तरी खालीच असेल तर पुन्हा तेवढीच. वर आला की मग भाकरी. भावजींना सांगून ठेव, तू हाकेला ओ देत नसलीस तर तोंडात काही ओतायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

झोपेत साखर उतरली तर कळत नाही गं. सकाळी उशी घामानं ओली, डोकं जड, रात्री भलतीसलती स्वप्नं, असं झालं तर तीनचा आकडा बघितल्याशिवाय राहू नकोस.

आणि रोज खाऊनच रात्र काढावी लागत असेल, तर डोस जास्त होतोय असं समज. तो मनानं कमी करू नकोस, डॉक्टरांना करू दे. वरवट बकालकडचा आपला भाग खारपाणपट्ट्यातला, किडनीचं दुखणं घरोघरी ऐकतो आपण. किडनी मंदावली की इन्सुलिन अंगात जास्त वेळ रेंगाळतं, मग नेहमीचाच डोस भारी पडतो. या खेपेला जाशील तेव्हा रात्री दहा, पहाटे तीन आणि सकाळचा आकडा वहीत लिहून ने, क्रिएटिनिनही तपासून घे.