सरासरी पंधरा टक्के, मग पैसे कुठे गेले?

प्रश्न : मुलाने मला सेन्सेक्सचे जुने आकडे दाखवले. २००८ साली तो सुमारे ५२ टक्के पडला, २००९ साली ८१ टक्के चढला आणि २०१० साली आणखी १७ टक्के चढला. मी बेरीज-वजाबाकी करून तीनने भागले. वर्षाला १५ टक्के! म्हटले, बँकेपेक्षा फारच बरे. पण मुलगा म्हणतो, या तीन वर्षांत वर्षाला अर्धा टक्कासुद्धा सुटला नाही, सरासरी भूमितीमध्याने काढायची असते. शाळेत शिकलेली सरासरी चुकीची होती का? शिवाय माझी एक एसआयपी चालू आहे, तिला कुठली सरासरी लावायची?

उत्तर : तुमचा भागाकार बरोबर आहे, शाळाही बरोबर होती आणि मुलगाही बरोबर आहे. घोटाळा एवढाच की जे आकडे एकमेकांत मिळवायचे नसतात, ते तुम्ही मिळवलेत. तुमच्याच आकड्यांवर हिशोब करून पाहू.

३१ डिसेंबर २००७ रोजी सेन्सेक्स २०,२८६.९९ वर बंद झाला. पुढच्या तीन वर्षांच्या अखेरीस तो अनुक्रमे ९,६४७.३१, १७,४६४.८१ आणि २०,५०९.०९ होता. लाभांश आणि खर्च बाजूला ठेवून समजा, २००७ संपताना कुणी बरोबर एक लाख रुपये निर्देशांकात घातले. २००८ संपताना त्याचे ४७,५५४ रुपये उरले. २००९ संपताना ८६,०८९ झाले. २०१० संपताना १,०१,०९५. म्हणजे तीन वर्षे जीव टांगणीला लावून हाती आले जेमतेम अकराशे रुपये. तुमच्या सरासरीप्रमाणे दरसाल १५.३४ टक्क्यांनी रक्कम वाढली असती तर १,५३,००० च्या वर गेली असती. मधले बावन्न हजार कुणी खाल्ले नाहीत. ते कधी नव्हतेच.

आता हे असे का होते ते पाहा. टक्का नेहमी कशाचा तरी असतो. २००८ चे ५२ टक्के पूर्ण लाखाचे होते, म्हणून ५२ हजार गेले. २००९ चे ८१ टक्के मात्र उरलेल्या साडेसत्तेचाळीस हजारांचे होते, म्हणून आले फक्त साडेअडतीस हजार. ८१ हा आकडा ५२ पेक्षा मोठा दिसतो, पण त्याच्याखालचा पाया निम्म्याहून लहान झाला होता. बेरीज करताना आपण हे तीनही टक्के जणू एकाच लाखाचे आहेत असे धरतो, आणि तिथेच फसतो.

म्हणून टक्के सोडून ‘किती पट’ अशी भाषा वापरली की गोष्ट लगेच सरळ होते. २००८ मध्ये रक्कम ०.४७५५ पट झाली, २००९ मध्ये १.८१०३ पट आणि २०१० मध्ये १.१७४३ पट. एका वर्षाची पट दुसऱ्या वर्षाच्या पटीत मिळवली जात नाही, तिच्यावर चढते. तिन्हींचा गुणाकार १.०१०९. म्हणजे तीन वर्षांत एका रुपयाचा एक रुपया एक पैसा झाला.

मुळात सरासरी म्हणजे काय? वेगवेगळ्या आकड्यांच्या जागी सगळीकडे एकच आकडा ठेवायचा आणि शेवटचा परिणाम तोच राहिला पाहिजे. घरातल्या पाच माणसांची सरासरी उंची काढताना परिणाम बेरजेचा असतो, म्हणून बेरीज करून भागतो. इथे परिणाम गुणाकाराचा आहे. तेव्हा अशी एक पट शोधायची, जी तीन वेळा एकमेकीने गुणली की १.०१०९ येईल. ती म्हणजे या गुणाकाराचे घनमूळ, १.००३६. त्यातला मूळचा १ काढला की उरतो ०.३६ टक्का. तुमचा मुलगा म्हणतो तो हाच. पाच वर्षे असतील तर पाचवे मूळ, दहा असतील तर दहावे. हाच भूमितीमध्य. दहावीच्या भूमितीत तो दोन रेषाखंडांच्या संदर्भात येतो, तिथून तो पैशांच्या हिशोबात आला याचे पुष्कळांना नवल वाटते. म्युच्युअल फंडाच्या माहितीपत्रकात एक वर्षाहून जुन्या परताव्यापुढे ‘सीएजीआर’ लिहिलेले असते, तेही हेच.

संगणकावर करून पाहणार असाल तर एक खबरदारी घ्या. पुष्कळ जण टक्केच थेट सूत्रात घालतात आणि पडद्यावर #NUM! उमटते, कारण उणे ५२ सारखी ऋण संख्या भूमितीमध्याला चालत नाही. सगळे आकडे धन असले तर चूक उमटत नाही, नुसते चुकीचे उत्तर येते, आणि ते जास्त वाईट. आधी पटी करा, मग मध्य काढा, मग १ वजा करा:

```
=GEOMEAN(0.4755,1.8103,1.1743)-1
=(20509.09/20286.99)^(1/3)-1
```

दोन्ही ओळींचे उत्तर ०.३६ टक्केच येते. दुसऱ्या ओळीत मधली वर्षे नाहीतच, कारण गुणाकारात ९,६४७ आणि १७,४६४ हे आकडे वर-खाली येऊन कटतात.

साधी सरासरी नेहमीच एवढी फसवते का? नाही. दरसाल सारखीच वाढ असेल तर दोन्ही सरासऱ्या तंतोतंत एक येतात. चढउतार जितके मोठे तितकी दरी रुंद, आणि ती भराभर रुंदावते. एका वर्षी १० टक्के चढ, पुढच्या वर्षी १० टक्के उतार : साधी सरासरी शून्य, पण शंभराचे ९९ झाले. वीस टक्क्यांचा तसाच झोका घ्या, शंभराचे ९६. चाळीस टक्क्यांचा घ्या, शंभराचे ८४. झोका दुप्पट केला की तूट चौपट होते. आधी उतार आणि मग चढ असा क्रम बदललात तरी उत्तर तेच, कारण गुणाकाराला क्रमाशी देणेघेणे नसते. साधी सरासरी भूमितीमध्यापेक्षा कधीच लहान नसते, म्हणजे चूक झाली तर ती नेहमी गुलाबी बाजूलाच होते. विक्रेत्यांना ती प्रिय असल्यास आश्चर्य नको.

याच घराण्यातली दुसरी चूक पोस्टाच्या खिडकीपाशी ऐकू येते. एप्रिल २०२३ मधल्या दराप्रमाणे किसान विकास पत्रातली रक्कम ११५ महिन्यांत दुप्पट होते. लगेच कुणीतरी हिशोब मांडतो : साडेनऊ वर्षांत शंभर टक्के, म्हणजे वर्षाला साडेदहा टक्के पडले की! प्रत्यक्षात जाहीर व्याज आहे साडेसात टक्के, आणि तेच खरे. शंभर टक्क्यांत व्याजावरचे व्याजही आले आहे, त्यामुळे नुसता भागाकार करून ते वर्षांत वाटता येत नाही. इथेही मूळच काढावे लागते. साडेसात टक्क्यांनी, म्हणजे १.०७५ पटीने, रक्कम साडेनऊ वर्षांहून थोडी जास्त वाढत राहिली की ती दुप्पट होते.

मग साधी सरासरी कुठे बरोबर ठरली असती? समजा दुसरा एक गृहस्थ दर १ जानेवारीला आपली रक्कम पुन्हा बरोबर एक लाख करतो. तोटा झाला तर खिशातून भरतो, नफा झाला तर काढून घेतो. २००८ नंतर त्याने ५२,४४६ रुपये भरले, २००९ नंतर ८१,०३३ काढले, २०१० नंतर १७,४३१. बेरीज ४६,०१८, वर्षाला सरासरी १५,३३९. तुमचे १५.३४ टक्के इथे जसेच्या तसे खरे झाले, कारण पाया दरवर्षी तोच ठेवला. फक्त बाजार अर्ध्याहून खाली आलेला असताना खिशातून बावन्न हजार भरायची छाती हवी. एकदा पैसे घालून विसरणाऱ्याला ही सरासरी लागू नाही.

भूमितीमध्यालाही एक आंधळी बाजू आहे. मधली वर्षे कटतात म्हणजे सगळा भार पहिल्या आणि शेवटच्या आकड्यावर येतो. २००७ ऐवजी २००८ च्या अखेरीपासून मोजा : ९,६४७ चे दोन वर्षांत २०,५०९, म्हणजे दरसाल ४५.८ टक्के! एकच वर्ष सोडले आणि अर्ध्या टक्क्याच्याही आतला दर पंचेचाळीसच्या वर गेला. सूत्र दोन्हीकडे बरोबर आहे, फक्त सुरुवातीची तारीख हवी तशी निवडली. जाहिरातीत मोठा सीएजीआर दिसला तर आधी मोजणीची पहिली तारीख पाहावी, ती एखाद्या पडझडीच्या तळाशी तर नाही ना.

राहिली तुमची एसआयपी. तिला या दोन्हींपैकी एकही सरासरी चालत नाही. भूमितीमध्याला सुरुवातीची एक रक्कम लागते. तीन वर्षांच्या एसआयपीत पहिला हप्ता तीन वर्षे राबतो आणि शेवटचा जेमतेम महिनाभर. २००८ ते २०१० या काळात कुणी दरमहा सारखा हप्ता निर्देशांकात भरला असता तर निर्देशांक जागच्या जागी असूनही त्याला चांगला नफा झाला असता, कारण बाजार पडलेला असताना त्याचे बरेच हप्ते स्वस्तात गेले. तेव्हा असा एकच दर शोधावा लागतो की प्रत्येक हप्ता आपापल्या दिवसांपुरता त्या दराने वाढवून सगळे मिळवले की आजची किंमत येईल. हे काम हाताने करण्याजोगे नाही. एका स्तंभात रकमा, शेजारी तारखा, आणि:

```
=XIRR(B2:B38,A2:A38)
```

ब स्तंभात ३६ हप्ते उणे चिन्हाने घाला आणि शेवटच्या ओळीत आजची किंमत अधिक चिन्हाने. सगळेच अधिक घातलेत तर पुन्हा #NUM! येईल.